बंद सिम, मध्यरात्रीचे चार व्यवहार आणि बँकेला दिलेली नोटीस : एक प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालविणारे एक गृहस्थ डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात फाईल घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या बचत खात्यातून ३१ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री ११.४१ ते १ नोव्हेंबरच्या पहाटे १२.१३ या अर्ध्या तासात चार आयएमपीएस व्यवहारांनी ३,७४,५०० रुपये गेले होते. त्यांनी बँकेकडे तक्रार केली होती, बँकेने ती फेटाळली होती, आणि फेटाळण्याचे पत्र तीन ओळींचे होते. व्यवहार योग्य पासवर्ड व यशस्वी ओटीपीने झाले आहेत, म्हणजे ग्राहकाने गोपनीय माहिती इतरांस दिली असली पाहिजे, शिवाय तक्रार सहाव्या दिवशी आली आहे, सबब बँक जबाबदार नाही, असा त्याचा आशय होता. अशिलांचे व बँकेचे नाव येथे गाळले असून ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मांडणी मात्र प्रत्यक्ष नोटिशीत होती तशीच आहे.

अशील येताना एक नोटीस तयार करूनच आले होते. त्यांच्या नात्यातील एकाने ती कुठल्याशा नमुन्यावरून लिहिली होती. तिच्यात 'घोर निष्काळजीपणा', 'संगनमत', 'फौजदारी कारवाई' हे शब्द पहिल्याच पानावर तीन-तीनदा आले होते, पण व्यवहाराची वेळ एकदाही नव्हती. बँकेच्या विधी विभागात अशा नोटिशीचे उत्तर ठरलेले असते, 'सर्व आरोप नाकारण्यात येत आहेत'. नोटिशीने बँकेला अशा जागी आणावे लागते की जिथे नुसते नाकारून भागत नाही, आणि ती जागा घटनाक्रमातच सापडते. म्हणून पहिले दोन तास आम्ही फक्त तारखा आणि वेळा मांडत बसलो.

काय घडले होते

३० ऑक्टोबर, बुधवार. अशील दिवाळीसाठी कुटुंबासह डोंगरातल्या मूळ गावी गेले होते. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास फोनची रेंज गेली. त्या गावात रेंज जाणे ही नवलाची गोष्ट नसल्याने त्यांनी मनावर घेतले नाही. रविवारी, ३ नोव्हेंबरच्या रात्री ते तालुक्याला परतले, तेव्हा घरच्या सगळ्यांचे फोन चालू आणि यांचा बंद, हे लक्षात आले. सोमवारी मोबाईल कंपनीच्या गॅलरीत गेल्यावर 'हे सिम बुधवारीच बदलून घेतले आहे' असे उत्तर मिळाले. मंगळवारी नवे सिम चालू झाले. बुधवारी, ६ नोव्हेंबरला सकाळी त्यांनी शाखेतल्या यंत्रावर पासबुक छापून घेतले आणि शेवटच्या चार ओळी पाहून तिथेच बाकावर बसले.

त्याच दिवशी त्यांनी तीन गोष्टी केल्या आणि पुढे सगळे प्रकरण या तीन गोष्टींवर उभे राहिले. शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घेतली. १९३० या हेल्पलाईनवर फोन करून व cybercrime.gov.in वर नोंद करून पोचक्रमांक मिळविला. आणि नेटबँकिंग बंद करवून शाखेतून व्यवहारांची वेळेसह यादी व लाभार्थ्यांची यादी छापून घेतली. ही शेवटची गोष्ट फार कमी जण करतात. पासबुकात फक्त तारीख, रक्कम आणि बारा आकडी संदर्भक्रमांक असतो, वेळ नसते. त्या संदर्भक्रमांकाचे पहिले चार आकडे पाहिले तर वर्षाचा शेवटचा अंक आणि वर्षातला कितवा दिवस हे कळते. येथे दोन व्यवहारांचे क्रमांक ४३०५ ने आणि दोघांचे ४३०६ ने सुरू होत होते, म्हणजे २०२४ सालचा ३०५ वा आणि ३०६ वा दिवस. पासबुकात मात्र चारही व्यवहार १ नोव्हेंबरच्या तारखेला दिसत होते. ही बारीक गोष्ट पुढे उपयोगी पडली.

व्यवहार असे होते. ३१ ऑक्टोबरला रात्री ११.२२ व ११.२६ ला दोन नवे लाभार्थी जोडले गेले. ११.४१ व ११.४६ ला पहिल्या लाभार्थ्यास प्रत्येकी ९९,५०० रुपये गेले. मग अठरा मिनिटे काहीच नाही. बारा वाजून गेल्यावर १२.०४ ला दुसऱ्या लाभार्थ्यास ९९,५०० आणि १२.१३ ला ७६,००० रुपये गेले व खात्यात चारशे काही रुपये उरले. मधली अठरा मिनिटे चोराने विश्रांती घेतलेली नाही. या खात्याची दिवसाची मर्यादा दोन लाख होती आणि मध्यरात्री ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सिम बुधवारी संध्याकाळी बदलले आणि पैसे गुरुवारी रात्री गेले, यालाही कारण आहे. सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस बंद ठेवावेत असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. तो काळ संपेपर्यंत चोर थांबला.

नोटिशीआधीची दोन कामे

घटनाक्रम कागदावर आल्यावर लगेच नोटीस पाठविण्याचा मोह होतो. मी तो आवरला, कारण बँकेचा मुख्य मुद्दा ओटीपीचा होता आणि त्याला तोंडी उत्तर पुरले नसते. अशिलांना मी मोबाईल कंपनीकडे लेखी अर्ज करावयास सांगितले, त्यात तीनच प्रश्न होते : या क्रमांकाचे सिम केव्हा बदलले, कोणत्या विक्री केंद्रातून बदलले, आणि जुने सिम कोणत्या क्षणी निष्क्रिय झाले. सुदैवाने त्यांनी असा अर्ज नोव्हेंबरमध्येच केला होता व उत्तर घरी येऊन पडले होते. त्यात ३० ऑक्टोबर, सायंकाळी ६.१० ही वेळ होती आणि विक्री केंद्र दुसऱ्याच जिल्ह्यातील होते. ज्याच्या खिशातले सिम बुधवारी सहा वाजता मेले, त्याच्या हातात गुरुवारी रात्री साडेअकराला ओटीपी पडू शकत नाही, आणि जे हातात पडलेच नाही ते दुसऱ्याला सांगता येत नाही. बँकेच्या तीन ओळींना उत्तर म्हणून हे एक पत्र पुरेसे होते.

दुसरे काम अवघड होते. शाखेत दिलेल्या तक्रारीत अशिलांनी एक वाक्य लिहिले होते : 'बहुधा माझा हात चुकून एखाद्या लिंकवर लागला असावा.' ते का लिहिले असे विचारल्यावर ते म्हणाले, "वकीलसाहेब, काउंटरवरच्या साहेबांनीच सांगितलं, असंच होतं सगळ्यांचं, तसं लिहा म्हणजे तक्रार लवकर पुढे जाईल." माझ्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्या फाईलमध्ये हे वाक्य या ना त्या रूपात असते. धक्का बसलेला माणूस स्वतःला दोष देत असतो आणि समोरचा त्याला शब्द पुरवतो. पुढे तेच वाक्य ग्राहकाचा कबुलीजबाब म्हणून पुढे केले जाते.

हे वाक्य नोटिशीत टाळावे असे अशिलांचे मत होते. माझे मत उलट होते. मूळ तक्रार बँकेकडे आहे, आपण गप्प राहिलो तर ती बँक काढणारच, आणि तेव्हा आपण लपविले असे दिसेल. म्हणून नोटिशीत ते शब्दशः उद्धृत केले आणि पुढे असे म्हटले की 'बहुधा' व 'असावा' हे शब्दच सांगतात की तो तर्क होता, माहिती नव्हे. त्या क्षणी अशिलांना सिम बदलाची वेळ लेखी कळलेली नव्हती, आणि नंतर मिळालेल्या पत्राने तो तर्क चुकीचा ठरला आहे. शिवाय लिंक उघडणे आणि ओटीपी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने कोणती लिंक, कोणत्या दिवशी, कोणत्या उपकरणावरून उघडली गेली हे दाखवावे, अशी मागणी तिथेच जोडली.

कोणत्या खणात बसते

अशा प्रकरणाचा पाया तेव्हा रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक हा होता, ज्यात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती हे ठरवून दिले होते. (सहकारी बँकांसाठी तशाच आशयाचे परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला निघाले.) नोटीस लिहिणाऱ्याने यातला कोणता खण आपला, हे आधी ठरवावे लागते, कारण प्रत्येक खणाचा परिणाम निराळा आहे.

परिच्छेद ६ मध्ये ग्राहकाची जबाबदारी शून्य असण्याचे दोन प्रसंग आहेत. पहिला, बँकेकडूनच हयगय, त्रुटी किंवा लबाडी झाली असेल तर. अशा वेळी ग्राहकाने कळविले की नाही, केव्हा कळविले, याला महत्त्व नाही. दुसरा, दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तर व्यवस्थेत अन्यत्र कुठेतरी असेल तर. मात्र तेव्हा बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविलेले असले पाहिजे. परिच्छेद ७ मर्यादित जबाबदारीचा आहे. ग्राहकाने स्वतःच्या हयगयीने पासवर्ड वा ओटीपी दिला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. आणि दोष तिसरीकडेच असून कळविण्यास चार ते सात दिवस लागले, तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये ग्राहकाने सोसायचे. सातपेक्षा अधिक दिवस झाले तर बँकेच्या संचालक मंडळाने ठरविलेले धोरण लागू होते.

बँकेचे पत्र दोन खणांत एकाच वेळी उभे होते : ग्राहकाने ओटीपी दिला म्हणून सगळे नुकसान त्याचे, आणि तक्रार सहाव्या दिवशी आली म्हणूनही. चार व्यवहार असल्याने दुसरा मुद्दा टिकला असता तर अशिलांचे ४०,००० रुपये गेले असते. पहिला टिकला असता तर सगळेच.

सहा दिवसांचा हिशेब बँकेने दिनदर्शिकेवरून केला होता. परिपत्रकातले दिवस कामकाजाचे आहेत, ते ग्राहकाच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजायचे आहेत, आणि सूचना मिळाल्याचा दिवस धरायचा नाही. १ नोव्हेंबर शुक्रवारी लक्ष्मीपूजनाची सुट्टी, २ नोव्हेंबर शनिवारी बलिप्रतिपदेची, ३ ला रविवार. म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्रीच सूचना मिळाली असे बँकेच्या सर्वांत सोयीचे गृहीत धरले तरी सोमवार ४ हा पहिला, मंगळवार ५ दुसरा आणि बुधवार ६ तिसरा दिवस होतो. तक्रार तिसऱ्या दिवशी पोचली. हा हिशेब नोटिशीत एका परिच्छेदात, सुट्ट्यांच्या नावांनिशी लिहिला.

याहून मोठा युक्तिवाद उपलब्ध होता. बँकेचे एसएमएस चोराच्या हातातल्या सिमवर गेले, अशिलांनी ईमेल नोंदविलेला नव्हता, तेव्हा त्यांना सूचना 'मिळाली' ती पासबुक छापले त्या दिवशी, आणि तक्रार त्याच दिवशी झाली. मी हा युक्तिवाद घेतला, पण दुसऱ्या क्रमांकावर. ज्या मुद्द्यावर बँक वाद घालू शकते तो पुढे आणि ज्यावर घालूच शकत नाही तो मागे, असे ठेवले तर वाचणारा पहिल्याच वादात अडकून राहतो.

खणांचा क्रमही मी याच न्यायाने लावला. सिम बदलून देणारे विक्री केंद्र चुकले, म्हणजे दोष अन्यत्र होता, हे उघड असल्याने दुसरा प्रसंग सहज लागू होतो. तरी नोटिशीत पहिला मान मी बँकेच्या स्वतःच्या त्रुटीला दिला. बँकेच्याच संकेतस्थळावर नेटबँकिंगच्या माहितीत असे लिहिले होते की नव्याने जोडलेल्या लाभार्थ्यास पहिल्या चोवीस तासांत ५०,००० रुपयांपेक्षा अधिक पाठविता येणार नाहीत. येथे लाभार्थी जोडल्यापासून एकोणीस मिनिटांत ९९,५०० गेले. ही मर्यादा कोणाच्या ओटीपीने उठत नाही, ती बँकेच्या यंत्रणेने पाळायची असते. ती पाळली असती तर दोन लाभार्थ्यांना मिळून एक लाखाच्या वर रक्कम गेलीच नसती. त्या पानाची तारखेसह छापील प्रत काढून ठेवली, कारण संकेतस्थळावरची पाने नोटीस पोचल्यावर बदललेली मी पाहिली आहेत.

मसुदा

नोटीस १० डिसेंबर २०२४ ला आर.पी.ए.डी. ने, म्हणजे पोचपावतीच्या नोंदणीकृत टपालाने, व ईमेलने पाठविली : शाखा व्यवस्थापक, बँकेचे प्रधान नोडल अधिकारी आणि नोंदणीकृत कार्यालय, अशा तीन पत्त्यांवर. नुसती शाखेला दिलेली नोटीस बहुधा शाखेच्याच कपाटात राहते. मजकूर मराठीत होता व सोबत इंग्रजी प्रत जोडली होती, कारण बँकेचा विधी विभाग परराज्यात होता आणि भाषांतराच्या नावाखाली पंधरा दिवस जाऊ द्यायचे नव्हते. तिच्यातील मधला भाग असा होता :

> '४. आमच्या अशिलांचा नोंदणीकृत मोबाईल क्रमांक दि. ३०/१०/२०२४ रोजी सायंकाळी ६.१० वाजल्यापासून आमच्या अशिलांच्या ताब्यातील सिमवर चालू नव्हता, हे मोबाईल सेवा कंपनीच्या सोबत जोडलेल्या पत्रावरून स्पष्ट होते. सबब दि. ३१/१०/२०२४ रोजी रात्री ११.२२ नंतर आपण पाठविलेला म्हटलेला कोणताही ओटीपी आमच्या अशिलांच्या ताब्यातील हँडसेटवर पोचलेला नाही व तो त्यांनी अन्य कोणास सांगितला हे आपले म्हणणे वस्तुस्थितीस सोडून आहे.
>
> ५. लाभार्थी नोंदविल्यापासून चोवीस तासांच्या आत रु. ५०,०००/- पेक्षा अधिक रक्कम वर्ग होणार नाही ही मर्यादा आपण स्वतः प्रसिद्ध केलेली असताना, ती डावलून वरील चारही व्यवहार आपल्या यंत्रणेने पूर्ण होऊ दिले. ही आपली त्रुटी असून परिपत्रकाच्या परिच्छेद ६ अन्वये आमच्या अशिलांची जबाबदारी शून्य आहे.
>
> ६. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार परिच्छेद १२ अन्वये आपणावर आहे. केवळ 'ओटीपी यशस्वी' या नोंदीने तो भार उतरत नाही. सबब पासवर्ड बदलल्याची वेळ व पद्धत, त्या वेळचे उपकरण व आयपी पत्ता, दोन्ही लाभार्थी नोंदविल्याची वेळ, आणि प्रत्येक ओटीपी व प्रत्येक सूचना-संदेश पोचल्याचा अहवाल यांच्या प्रती आपण उत्तरासोबत द्याव्यात व मूळ नोंदी जतन करून ठेवाव्यात.'

चौथ्या परिच्छेदातील 'अशिलांच्या ताब्यातील हँडसेटवर' हे शब्द मुद्दाम निवडलेले आहेत. पहिल्या मसुद्यात 'आमच्या अशिलांस ओटीपी आलाच नाही' असे होते. ते सैल आहे. ओटीपी त्यांच्या क्रमांकावर आला होता, फक्त तो क्रमांक दुसऱ्याच्या फोनमध्ये होता. बँकेने पोचल्याचा अहवाल दाखविला असता तर आमचे वाक्य खोटे ठरल्यासारखे झाले असते, आणि नोटिशीत लिहिलेले वाक्य पुढे तक्रारअर्जात व शपथपत्रात आपल्या मागे येते.

सहाव्या परिच्छेदातील सिद्ध करण्याच्या भाराच्या मुद्द्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ जून २०२४ च्या निकालाचा आधार दिला. त्या प्रकरणात एका कंपनीच्या खात्यातून सुमारे ७६.९० लाख रुपये अनोळखी लाभार्थी जोडून काढले गेले होते आणि बँकिंग लोकपालाने तक्रार फेटाळली होती. न्यायालयाने २०१७ चे परिपत्रक लावून ग्राहकाची जबाबदारी शून्य धरली आणि बँकेला सहा टक्के व्याजासह रक्कम परत करण्यास सांगितले. एकच निकाल दिला, कारण तो वस्तुस्थितीने जवळचा होता. नोटिशीत दहा निकालांची माळ लावली की बँकेचा वकील सर्वांत दूरचा निकाल उचलतो आणि तेवढ्याचेच उत्तर देतो.

चुकीची वजावट हा वेगळा मुद्दा

फाईल चाळताना पासबुकात आणखी एक ओळ सापडली, जिच्याकडे अशिलांचे लक्ष नव्हते. ५ नोव्हेंबरला त्यांच्या गृहकर्जाचा हप्ता दुसऱ्या वित्तसंस्थेकडे जायचा होता. खाते रिकामे असल्याने तो परतला आणि बँकेने परतीचे शुल्क म्हणून ५९० रुपये कापायचे ठरविले. उरलेल्या चारशे काही रुपयांतून जेवढे निघाले तेवढे त्याच दिवशी आणि बाकीचे नंतर पैसे जमा होताच. रक्कम किरकोळ आहे, पण तिचे स्वरूप निराळे आहे. चार व्यवहार चोराने केले, ही वजावट बँकेने स्वतः केली. नोटिशीत दोन्ही एकाच बेरजेत घातले तर बँक दोन्हींना 'त्रयस्थाचे कृत्य' म्हणते. म्हणून तिला स्वतंत्र परिच्छेद दिला : मूळ रक्कम व्यवहाराच्या तारखेपासून खात्यात होती असे मानणे बँकेवर बंधनकारक असेल, तर ५ तारखेला खात्यात पुरेशी शिल्लक होती असेही मानावे लागेल, आणि मग परतीच्या शुल्काला आधार उरत नाही.

याचा पाया परिपत्रकाच्या परिच्छेद ९ मध्ये आहे. ग्राहकाने कळविल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, विम्याची वाट न पाहता, आणि ती अनधिकृत व्यवहाराच्या दिवसाचीच मूल्यतारीख देऊन, म्हणजे त्या दिवसापासून रक्कम खात्यातच होती असे धरून. आमच्या प्रकरणात हे दहा दिवस ७ नोव्हेंबरपासून मोजायचे. ९ ला दुसरा शनिवार, १५ ला गुरुनानक जयंती, २० ला विधानसभेचे मतदान आणि मधले रविवार वगळून दहावा दिवस २१ नोव्हेंबर येतो. त्या दिवशी काहीही जमा झाले नव्हते, आणि बँकेचे नकाराचे पत्र २९ नोव्हेंबरचे. म्हणजे चौकशीचा निष्कर्ष काहीही असो, बँक एका मुदतीत आधीच चुकली होती. तक्रार निकाली काढण्याची नव्वद दिवसांची कमाल मुदत ४ फेब्रुवारी २०२५ ला संपत होती. ती तारीखही लिहिली, म्हणजे प्रकरण 'विचाराधीन' ठेवून वेळ काढता येऊ नये.

मागणी छोटी ठेवली. मूळ ३,७४,५०० रुपये व्यवहारांच्या मूल्यतारखेने, ५९० रुपये, दुसऱ्या वित्तसंस्थेने लावलेले हप्ता चुकल्याचे शुल्क, आणि नोटिशीचा खर्च ५,५०० रुपये. अशिलांना मानसिक त्रासापोटी पाच लाख मागायचे होते. तो हक्क राखून ठेवत असल्याचे वाक्य घातले, आकडा घातला नाही. आकडा पाहिला की शाखेच्या अधिकारात बसणारे प्रकरण वर पाठवावे लागते आणि तिथे ते महिनोन्महिने थांबते.

पंधरा दिवसांनंतर काय, हेही आधी ठरवलेले

नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत दिली. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार करण्यापूर्वी नोटीस देणे सक्तीचे नाही, आणि नोटीस दिल्याने कलम ६९ ची दोन वर्षांची मुदत लांबतही नाही. त्यामुळे स्मरणपत्रांचा खेळ खेळायचा नाही, हे अशिलांना आधीच सांगितले होते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेचा मार्गही खुला होता, पण त्यात एक खाच होती. तिथे वकिलामार्फत केलेली तक्रार चालत नसे. ग्राहकाला स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीमार्फत जावे लागे. शिवाय आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली हवी आणि ती फेटाळलेली हवी किंवा तीस दिवसांत उत्तर आलेले नसावे. अशिलांची ६ नोव्हेंबरची सहीची तक्रार व २९ नोव्हेंबरचा नकार यांनी ही अट पुरी होत होती, म्हणून त्यांना नकाराच्या तारखेपासून एक वर्ष होते. ज्यांनी थेट वकिलाची नोटीस दिली आणि स्वतःची तक्रार कधी केलीच नाही, त्यांच्या फाईलीत मी आधी एक साधे, त्यांच्या सहीचे पत्र बँकेला द्यायला लावतो. एकाच कारणासाठी ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून आधी कुठे जायचे हेही ठरवावे लागते. येथे कागद स्पष्ट होते, साक्षी-पुराव्याची गरज नव्हती, तेव्हा पहिला दरवाजा लोकपालाचा ठरवला.

त्याची वेळ आली नाही. नोटीस १३ डिसेंबरला पोचली. २७ डिसेंबरला बँकेचे उत्तर आले की प्रकरण पुन्हा तपासले जात आहे. मागितलेल्या नोंदींपैकी एकही सोबत नव्हती. ६ जानेवारी २०२५ ला ३,७४,५०० रुपये खात्यात जमा झाले. सोबतच्या पत्रात 'सद्भावना म्हणून' असा शब्द होता, आणि शाखेने अशिलांना एक छापील हमीपत्र सहीसाठी दिले, ज्यात ही रक्कम सर्व दाव्यांच्या पूर्ण व अंतिम फेडीत मिळाली असे लिहिले होते. अशिलांनी मला फोन केला. सही करण्यापूर्वी तेवढी ओळ खोडून, 'रक्कम मिळाली. व्याज, शुल्क व नोटिशीच्या खर्चाबाबतचा हक्क राखून' असे हाताने लिहा व त्याची प्रत घ्या, असे मी सांगितले. शाखेने ते अर्धा तास घोळवले आणि घेतले.

जमा करताना मूल्यतारीख मात्र ६ जानेवारीचीच धरली होती. पहिल्या दोन व्यवहारांचे १,९९,००० रुपये सदुसष्ट दिवस आणि उरलेले १,७५,५०० सहासष्ट दिवस खात्याबाहेर होते. बचतीच्या तीन टक्के दराने दोन्ही मिळून सुमारे २,०५० रुपये व्याज निघते. येथे ते चार आकडे कामी आले. पासबुकाप्रमाणे चारही व्यवहार १ नोव्हेंबरचे असल्याने बँक सगळ्याला एकच तारीख लावत होती, आणि संदर्भक्रमांक दाखविल्यावर तिने पहिले दोन ३१ ऑक्टोबरचे मान्य केले. फरक सोळा रुपयांचा होता. अशील हसले, पण त्या दुरुस्तीमुळे बँकेने आपल्याच नोंदीची तारीख लेखी दिली, आणि ती कागदावर हवी होती.

व्याज आणि ५९० रुपये दुसऱ्या ईमेलनंतर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जमा झाले. गृहकर्ज देणाऱ्या संस्थेचे शुल्क बँकेने नाकारले. अशिलांनी बँकेचे पत्र त्या संस्थेला दाखवून ते तिथूनच माफ करून घेतले आणि हप्ता चुकल्याची पत-नोंदही दुरुस्त करवली. नोटिशीचा खर्च मिळाला नाही. त्यासाठी लोकपालाकडे जावे का असे त्यांनी विचारले, तेव्हा दुकानाचा एक दिवस बंद ठेवण्याचे नुकसान त्याहून अधिक होईल असे त्यांनीच हिशेब करून सांगितले आणि फाईल परत घेऊन गेले.